बोलेरोच्या दारावरची जुनी पट्टी रंग न उचलता कशी काढावी?

संगमनेरची_ऋता

बाबांची २०११ सालची चंदेरी बोलेरो आहे, सेकंडहँड घेतलेली. दोन्ही बाजूंना पुढच्या फेंडरपासून मागच्या दारापर्यंत स्टिकरच्या पट्ट्या आहेत. गाडी अंगणात ज्या बाजूने उन्हात असते, तिकडच्या पट्टीला बारीक तडे गेलेत, कडा वर वळल्यात आणि त्यात धूळ अडकून काळी रेघ दिसते. दुसरी बाजू बरी आहे, फक्त फिकी पडली आहे.

नव्या पट्ट्या लावायच्या नाहीत, गाडी साधीच हवी. गॅरेजवाले म्हणाले, ब्लेडने खरवडून थिनरने पुसून देतो. ते मला पटलं नाही. घरी हेअर ड्रायर आहे, शेजारच्यांकडे हीट गन आहे, आणि प्लॅस्टिकचा स्क्रेपर मी आणला आहे. माझी खरी काळजी वेगळीच आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं दार आधीच्या मालकाने कधीतरी रंगवून घेतलंय असं वाटतं, कारण त्याची चमक बाकीच्या पत्र्याशी जुळत नाही. तिथे पट्टीबरोबर रंगही निघून येईल का? आणि ऊब किती द्यायची, ते कसं ओळखायचं?

कराडकर_मामा

ड्रायर-बियर कशाला हवाय? हे दिवस उन्हाचेच आहेत. दुपारी गाडी दोन तास उन्हात उभी करा, पट्टी आपोआप मऊ पडते. मग एक टोक धरून झटक्यात ओढायची. आमच्या जुन्या जीपची अशीच सोललेली आहे, एकदम साफ. जो गम राहील तो थिनरच्या बोळ्याने पुसून टाका.

रेडियमवाला_इचलकरंजी

मामा, उन्हाचं तुमचं बरोबर आहे, झटक्याचं नाही. मी रेडियमचं दुकान चालवतो. पट्ट्या लावण्याइतकंच जुन्या काढण्याचं काम येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऋताताई, पट्टी नवी असते तेव्हा ती मऊ असते कारण तिच्यात मऊपणा टिकवणारं द्रव्य असतं. वर्षानुवर्षं उन्हात ते उडून जातं. पट्टी आकसते, कडक होते, मग तडकते. गम मात्र जिवंत असतो, उलट तो आणखी घट्ट बसलेला असतो. म्हणजे वरचा थर अशक्त आणि खालची पकड मजबूत. थंड असताना ओढलंत तर पट्टीचे नखाएवढे तुकडे पडतात. ऊब देण्याचा हेतू एवढाच, की पट्टी वाकण्याइतकी मऊ व्हावी आणि गमाची पकड ढिली पडावी.

उष्णता बरोबर आहे की नाही हे पट्टीच सांगते. तुकडे पडतायत म्हणजे कमी आहे. पट्टी रबरासारखी लांब होतेय, तुटतेय आणि गम पत्र्यावर तारा सोडत राहतोय, म्हणजे जास्त झालं. हात थांबवा, अर्धा मिनिट जाऊ द्या. पट्टी न ताणता सुटतेय आणि गमाचा बराचसा भाग तिच्याच पाठीला चिकटून येतोय, ती खरी वेळ. पत्रा साधारण ५० ते ६० अंशांवर असतो तेव्हा असं होतं. हाताचा तळवा दोन-तीन सेकंद टेकवता आला आणि मग काढावासा वाटला, की समजा तिथेच आहात.

आता झटक्याबद्दल. हा गम असा आहे की जितक्या जोरात ओढाल तितका तो धरून ठेवतो. सावकाश ओढलं की त्याला सुटायला वेळ मिळतो. पट्टी बाहेर, स्वतःच्या अंगाकडे ओढू नका. तिला मागे तिच्यावरच दुमडून पत्र्याला जवळजवळ घासून ओढा. बाहेर ओढल्यावर सगळा ताण रंगाच्या थरावर सरळ वर येतो, आणि रंग कच्चा असेल तर तो उचलतोच.

स्क्रेपरने खरवडायचं नसतं. त्याचं काम फक्त कड उचलून देणं. एकदा दोन बोटांत धरण्याएवढं टोक मिळालं की तो बाजूला ठेवा.

संगमनेरची_ऋता

फार उपयोगी माहिती, दादा. दोन शंका. हीट गनला दोनच बटणं आहेत, कमी आणि जास्त. कमीवर चालेल का? आणि घरात कोविडच्या काळातला कपाळावर धरायचा थर्मामीटर आहे, त्याने पत्र्याचं तापमान मोजता येईल का?

रेडियमवाला_इचलकरंजी

तो थर्मामीटर नको. तो माणसाच्या तापासाठीच बनवलेला असतो, ४२-४३ अंशांच्या वर बहुतेक ‘हाय’ दाखवून गप्प बसतो. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन वेगळी. ती मिळाली तर पट्टीवर रोखून मोजा, मोकळ्या चकचकीत पत्र्यावर तिचा आकडा भलताच येऊ शकतो. पण तळवा पुरेसा आहे.

हीट गनच्या ‘कमी’ या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच गनच्या तोंडाशी कमी बटणावरही ३०० अंशांच्या आसपासची हवा असते. ती एका जागी धरली तर रंगाला फोड येतो, आणि त्याला काही क्षणच लागतात. वीतभर अंतर ठेवायचं आणि हात सतत हलता ठेवायचा. पहिल्यांदाच करताय, तर ड्रायर घ्या. वेळ जास्त लागेल, पण चुकायला जागा कमी. बंपर आणि दाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर तर मी स्वतःही गन आणत नाही. प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही, तेवढीच जागा तापते आणि वाकते.

बुलेट_आणि_मी

योग्य वेळी धागा आला. माझ्या बुलेटच्या टाकीवरच्या पट्ट्या काढायच्या आहेत. ड्रायर देऊन पाहिला, कडेला नख लावलं, स्क्रेपर लावला, पण टोकच सापडत नाही. किती तापवू?

रेडियमवाला_इचलकरंजी

अजिबात तापवू नका, आणि स्क्रेपर आधी खाली ठेवा. डोळे मिटून पट्टीच्या कडेवरून आडवं नख फिरवा. पायरी लागली तर पट्टी वर आहे. नख सरळ घसरत गेलं तर पट्टी लॅकरच्या खाली आहे. बऱ्याच मोटरसायकलींच्या टाक्यांवर स्टिकर लावून वरून लॅकर मारलेलं असतं. ती सोलून निघत नाही, टाकी घासून पुन्हा रंगवावी लागते. बुलेटच्या काही टाक्यांवरच्या सोनेरी रेघा तर स्टिकर नसतातच, कारागिरांनी ब्रशने हाताने ओढलेल्या असतात. तुमची तशी असेल तर ती तशीच राहू द्या अशी माझी मनापासून विनंती. आणि टाकीत पेट्रोल असताना जवळ हीट गन नेणं हा वेगळाच धोका आहे.

चाकणचा_पेंटर

ऋताताईंच्या दाराच्या प्रश्नावर लिहितो, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी आधी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो, आता स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो.

कारखान्यात गाडी अजून नुसता सांगाडा असते. ना काच, ना रबर, ना सीट. म्हणून रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजता येतो. तुमच्या ड्रायरच्या ६० अंशांनी त्या रंगाला काही होत नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी पूर्ण असते, त्यामुळे बूथ असला तरी ६० अंशांच्या आसपासच जाता येतं, आणि बूथ नसेल तर रंग नुसत्या हवेवर वाळतो. चांगल्या हार्डनरचा रंग तरीही छान टिकतो. पण जुन्या रंगाची चमक नीट न घासता त्यावरच नवा थर मारला असेल, तर त्याला धरायला काही नसतं. पट्टी ओढल्यावर सुटतो तो हाच थर. दोष ऊब देण्यात नसतो, वर्षांपूर्वीच्या घासकामात असतो.

दार रंगवलेलं आहे का, हे असं बघा. दार उघडून बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग बघा, तो तडकलाय किंवा पान्याच्या खुणा आहेत का. खिडकीचं रबर नखाने किंचित वळवून आत बघा, रंगाची धार किंवा फवाऱ्याचे ठिपके दिसतात का. मग दारात उभं राहून तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा; शेजारच्या दारापेक्षा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा वेगळा असेल तर काम बाहेरचं. जाडी मोजायचं यंत्र कोणाकडे मिळालं तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो. दुप्पट आला तर दार रंगवलंय, पाच-सहापट आला तर खाली पुट्टीही आहे.

एक गोष्ट विसरू नका. दार रंगवताना जुनी पट्टी काढून नवी लावली असेल, तर त्या दारावरची पट्टी बाकीच्यांपेक्षा कमी जुनी दिसेल. आणि पट्टीला कागद लावून भोवतीच रंग मारला असेल, तर पट्टीच्या कडेवरच रंगाची धार चढलेली असते. ती धार पट्टीबरोबर फाटत पुढे जाते. तिथे फार जपून.

कराडकर_मामा

पेंटरसाहेब, आमच्या जीपचा रंग कारखान्याचाच होता, म्हणून झटका पचला असेल, हे आता लक्षात येतंय. पण थिनरला तुमची काय हरकत? सगळे गॅरेजवाले तोच वापरतात.

अनघा_नागपूर

मामा, मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून याचं उत्तर देते. गम विरघळवायचा आणि रंग विरघळवायचा नाही, असं द्रावक आपल्याला हवं आहे. रंगकामाचा थिनर बनवलेलाच असतो रंग पातळ करायला. भट्टीत भाजलेल्या रंगावर तो एकदा फिरवला तर कदाचित काही दिसणार नाही, पण हवेवर वाळलेल्या रंगावर तो लगेच मऊ डाग पाडतो. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन सौम्य आहे, आणि आता रॉकेल सहज मिळत नाही म्हणून तेच सोयीचं. टिश्यूपेपर भिजवून गमावर पाच मिनिटं ठेवा, मग मऊ कापडाने गोळा करा. घासू नका, गम वाट बघितल्यावर निघतो. सॅनिटायझर शेवटच्या पुसणीला बरा, जाड गमावर त्याचा जोर चालत नाही.

आमच्याकडे नागपुरात एक उलट अडचण असते. मे महिन्यात उन्हातला पत्रा इतका तापतो की टर्पेंटाइन गमात मुरण्याआधीच उडतं. म्हणून पट्टी कोवळ्या उन्हात किंवा ड्रायरवर काढा, पण गम काढायचं काम सावलीत, पत्रा गार झाल्यावर. आणि द्रावकाचा डबा उघडा असताना हीट गन चालू नको, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते.

संगमनेरची_ऋता

रविवारी क्लीनरच्या बाजूचं काम केलं. जसं झालं तसं लिहिते, कोणाला उपयोग होईल.

आधी शांपूने गाडी धुतली आणि कडांमधली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली, म्हणजे स्क्रेपरखाली खडा येणार नाही. सावलीत, ड्रायरवर सुरुवात केली. फेंडरवरची पट्टी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. चार बोटं लांबीचा भाग तापवायचा, तेवढाच सोलायचा, मग पुढचा. पुढचा भाग तापेपर्यंत सुटलेलं टोक पुन्हा पत्र्याला चिकटतं, म्हणून ते बाहेर दुमडून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवलं.

पुढच्या दारावर तडे गेलेला भाग आला आणि सगळं मंदावलं. कितीही तापवलं तरी तुकडेच. तिथे मी साबणाचं पाणी मारून स्क्रेपर अगदी आडवा धरला आणि एकेक तुकडा खालून ढकलत गेले. स्क्रेपरची धार थोड्या वेळाने बोथट होते, तेव्हा ती पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासून घेतली. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनने गम निघाला. रंगाला ओरखडा नाही.

ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या दारावर मात्र मी फक्त खालच्या कोपऱ्यात करंगळीएवढा तुकडा सोलून पाहिला. बिजागरीचे बोल्ट पेंटरदादांनी सांगितल्यासारखेच पान्याने छेडलेले आहेत. सोललेल्या तुकड्याच्या पाठीवर गमात बारीक चंदेरी कण दिसतायत. हे रंगाचे कण आहेत ना? तिथेच थांबले आहे.

चाकणचा_पेंटर

रंगाचेच आहेत, थांबलात हे उत्तम केलंत. आता तो कोपरा कसा दिसतो ते सांगा. चंदेरी तळ दिसतोय पण मंद, की खाली वेगळाच रंग दिसतोय, करडा किंवा जुना चंदेरी?

संगमनेरची_ऋता

खाली दुसरा चंदेरी आहे, थोडा गडद आणि चकचकीत. वरच्या थराची कड नखाला लागते.

चाकणचा_पेंटर

म्हणजे शंका खरी आहे. खाली कारखान्याचा चकचकीत थर तसाच आहे, त्यावर न घासता रंग मारलाय. या दारावर ओढणं बंद. ऊब वाढवूनही उपयोग नाही, वरचा थर पट्टीइतकाच मऊ पडेल.

एक मार्ग बघता येईल. गम ओढून सोडवायचा नाही, विरघळवून सोडवायचा. टर्पेंटाइन पट्टीच्या आरपार जात नाही, पण तुमच्या पट्टीला कडा सुटलेल्या आहेत आणि तडेही असतील, तिथून आत शिरतं. आधी दाराच्या खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे थेंबभर लावून पाच मिनिटांनी पांढऱ्या कापडाने पुसा. कापडाला रंग लागला नाही तरच पुढे. मग भिजवलेला टिश्यू कडेवर ठेवून वरून स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावा, म्हणजे उडून जाणार नाही. पंधरा मिनिटांनी फक्त सुटेल तेवढंच स्क्रेपरने सारा. सुरुवात सुटलेल्या कोपऱ्यापासून नाही, दुसऱ्या टोकाकडून करा. सुटलेल्या जागेवर रंगाची उघडी कड आहे, स्क्रेपर तिच्याखाली घुसला तर थर उकलत जाईल.

हे करूनही रंग धरेलच असं मी म्हणणार नाही. ज्या थराला पकडच नाही, तो पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरूनही फुगू शकतो.

रेडियमवाला_इचलकरंजी

इथे माझं मत पेंटरदादांपेक्षा वेगळं आहे. मी असतो तर त्या दाराला हात लावला नसता. वर आलेल्या कडा गरम करून दाबून बसवायच्या, सुटलेला कोपरा टचअपने बंद करायचा, आणि दार रंगवायला जाईल तेव्हाच पट्टी काढायची. नाहीतरी त्या वेळी पेंटर सगळं घासणारच आहे.

चाकणचा_पेंटर

कडा दाबून बसतील, पण टिकणार नाहीत. आकसलेली पट्टी पुन्हा वळते, आणि ती वळताना खालचा कच्चा रंग हळूहळू उचलते. पण दार लवकरच रंगवायचं असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

संगमनेरची_ऋता

बाबांशी बोलून ठरवते. दुसरा मुद्दा, पट्टी निघालेल्या बाजूला आता पट्टीची सावली दिसते. पट्टीखालचा पत्रा जास्त चमकदार आहे, आजूबाजूचा मंद. लांबून पट्टी अजून तिथेच आहे असं वाटतं. हे जाईल का?

अनघा_नागपूर

आमच्या गाडीला हेच झालं होतं. आम्ही काही केलं नाही. पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर फरक खूप कमी झाला.

चाकणचा_पेंटर

त्या जागेवर पाण्याचा फवारा मारून बघा. ओलं असताना सावली नाहीशी होत असेल तर फरक वरच्या पृष्ठभागाच्या मंदपणाचा आहे, आणि तो पॉलिशने बराच कमी होतो. ओल्या पत्र्यावरही पट्टी तशीच दिसत असेल तर फरक खोलवर गेलाय, पॉलिश तिथपर्यंत पोचत नाही. पॉलिश करायचं ते पट्टीच्या जागेवर नाही, आजूबाजूला. बरेच जण उलट करतात आणि फरक वाढवतात. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि दर वेळी त्यातला थोडा कमी होतो, म्हणून जाडं कंपाउंड लावून मशीन दाबत बसू नका. बारीक पॉलिशने हातभर जागा करून बघा आणि मग ठरवा.

रेडियमवाला_इचलकरंजी

आणि त्याआधी सावलीच्या कडेवरून नख फिरवा. बऱ्याचदा तिथे गमाची आणि धुळीची केसाएवढी रेघ राहिलेली असते, तीच लांबून ठळक दिसते. टर्पेंटाइनने ती पुन्हा एकदा काढा.

संगमनेरची_ऋता

पाणी मारून पाहिलं. फेंडरवर सावली पूर्ण गेली. पुढच्या दारावर ओलं असतानाही पुसट दिसते, म्हणजे एकाच गाडीवर दोन प्रकार आहेत. कडेला गमाची रेघ होती, ती काढली. फेंडरपासून बारीक पॉलिशने सुरुवात करते. मागच्या दाराबद्दल बाबांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत रंगवून घेऊ. तोवर सुटलेल्या कोपऱ्यावर नुसता टचअप पुरेल, की पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वर आणखी काही लावावं लागेल?

चाकणचा_पेंटर

टचअपच्या आधी उघड्या कडेची सैल साल बोटाने काढून घ्या, सैल सालीवर लावलेला टचअप तिच्याबरोबरच पडतो. टचअप लावा, तो दोन दिवस वाळू द्या, वर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात चालेल, कारण दार नंतर घासलं जाणारच आहे. प्रेशर वॉशरची धार मात्र त्या कोपऱ्यावर दिवाळीपर्यंत मारू देऊ नका.